आजीचा आशीर्वाद हिंदीच्या पुलावरून नेऊ नका

माळव्यातल्या मराठी घरांना ही विनंती आहे, आणि ती दिवाळीच्या पाडव्याआधी पोचावी अशी इच्छा आहे. गौतमपुऱ्यात किंवा देपालपुरात आजी आहे, मुलगा इंदूरला आहे आणि नात परदेशात वाढते आहे, अशी घरं आता नवलाची राहिली नाहीत. पाडव्याला आजी मुलाच्या फोनवर बोलते आणि मुलगा ते इंग्रजीत लिहून नातीला पाठवतो. नातीला जे वाचायला मिळतं ते साधारण असं असतं: 'दादी सेंड्स ब्लेसिंग्ज. बी हॅपी, वर्क हार्ड.' आजीची दादी तर होतेच, पण तिच्या बोलण्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द वाटेतच गळून पडलेला असतो.

तो कुठे गळतो हे पाहण्यासाठी एक निरोप समोर ठेवू. हा नमुना आहे, कुणा एका घरातला नाही, पण असे निरोप ऐकलेल्यांना ओळखीचा वाटेल.

"अनेक उत्तम आशीर्वाद, बाळा. औक्षवंत हो. इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. मोठी झालीस की सुखाचा संसार कर. कामाला कमीपणा मानू नकोस, हात फिरे तिथे लक्ष्मी फिरे. तिकडचं सगळं सोन्याचं आणि इकडचं मातीचं असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस. दुरून डोंगर साजरे. अगं, घरोघरी मातीच्या चुली. ठेवते आता, पोरं हिंगोट बघायला निघाली आहेत, माझा जीव काही थाऱ्यावर नाही."

हा निरोप मुलगा इंग्रजीत नेतो तेव्हा तो मराठीतून थेट इंग्रजीत जात नाही. मुलाची शाळा हिंदीत झालेली, मित्र हिंदी, बाजार हिंदी. आईचं मराठी त्याला कळतं, पण विचार करताना तो आधी हिंदीच्या पुलावर चढतो आणि तिथून पलीकडे इंग्रजीत उतरतो. पुण्या-नाशिकच्या घरात हा पूल मध्ये येत नाही, इंदूरच्या घरात हमखास येतो. आणि आशीर्वादाचे नेमके जे शब्द महत्त्वाचे असतात, ते मराठीत आणि हिंदीत दिसायला सारखे पण अर्थाने वेगळे आहेत.

'संसार' घ्या. मराठीत संसार म्हणजे घरप्रपंच, दोन माणसांनी मिळून उभं केलेलं घर. हिंदीत संसार म्हणजे जग. त्यामुळे 'सुखाचा संसार कर' याचं इंग्रजीत 'मेक अ हॅपी वर्ल्ड' होतं. वाक्य वाईट नाही, एखाद्या भेटकार्डावर शोभेलही, पण आजी ते बोललेली नाही. तिला नातीच्या घरातली चूल, माणसं आणि रोजचं समाधान दिसत होतं. इंग्रजीत 'बिल्ड अ हॅपी होम' म्हटलं की काम भागतं. अडचण इंग्रजीत नव्हतीच, ती मधल्या पुलावर होती.

'बळी'चं त्याहून अवघड. मराठीत या एका शब्दाचे तीन अर्थ आहेत: बळीराजा, बळी म्हणजे बलवान, आणि देवाला दिलेला किंवा अपघातात गेलेला बळी. 'बळी तो कान पिळी' या म्हणीतला बळी दुसऱ्या अर्थाचा. आजीच्या आशीर्वादातला पहिल्या. पण हिंदीतून जाणाऱ्या माणसाच्या मनात 'बलि' म्हटलं की आधी बोकड येतो, आणि नातीच्या हातात 'मे द किंगडम ऑफ सॅक्रिफाइस कम' असं काहीतरी भयंकर पडतं. सणाच्या दिवशी आजीने असं का म्हणावं, हे त्या मुलीला आयुष्यभर कळणार नाही.

खरं तर हे वाक्य पाडव्याच्या दिवसाचंच आहे. कार्तिक शुद्ध प्रतिपदा म्हणजे बलिप्रतिपदा. वामनाने तीन पावलांत सगळं घेऊन बळीला पाताळात धाडलं, ही पुराणातली गोष्ट. लोकांनी मात्र बाजू बळीची घेतली. दानशूर, प्रजेला पोटभर खाऊ घालणारा राजा म्हणून तो त्यांच्या मनात राहिला आणि त्याचं राज्य परत यावं असं बायाबापड्या दिवाळीत ओवाळताना म्हणत आल्या. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिली, तेव्हा शेतकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून याच बळीला पुढे केलं. म्हणजे आजी नातीसाठी एका चांगल्या राज्याची इच्छा करते आहे. हे इंग्रजीत नेताना राजाचं नाव ठेवायचं आणि नावाच्या मागोमाग चार शब्दांत त्याची ओळख द्यायची: 'मे द डेज ऑफ गुड किंग बळी कम बॅक, व्हेन नो वन वेंट हंग्री.' तळटीप नको. मूल तळटीप वाचत नाही, आणि आशीर्वादाला तळटीप शोभतही नाही.

'इडा पिडा'मध्ये उलटी चूक होते. भाषांतर करणारा 'पिडा' म्हणजे पीडा हे ओळखतो आणि मग 'इडा' कोण, हे शोधत बसतो. रोजच्या बोलण्यात ते जोडीनेच येणारं, नाद जुळवणारं पद आहे, त्याला वेगळा अर्थ देण्याची गरज नाही. इंग्रजीतही नाद जुळवून 'हार्म अँड हर्ट' म्हणता येतं: 'मे हार्म अँड हर्ट पास यू बाय.' अर्थही राहतो आणि म्हणताना ओठांवर तो ठेकाही राहतो.

या एका वाक्याला गौतमपुऱ्यात आणखी एक वजन आहे, ते नातीला सांगायलाच हवं. गौतमपुरा हे इंदूर शहरापासून 50-60 किलोमीटरवरचं, चंबळेच्या बाजूचं गाव. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावावरून ते ओळखलं जातं. अहिल्याबाईंच्या त्या सासू, आणि मालेरावांची आजी. म्हणजे गावाचं नावच एका मराठी आजीचं आहे. पाडव्याच्या संध्याकाळी इथे हिंगोट युद्ध होतं. हिंगोट म्हणजे आपलं हिंगणबेट, त्याचं टणक कवचाचं फळ. ते वाळवून, पोखरून आत दारू भरतात आणि एका बाजूला काडी बांधतात, म्हणजे ते बाणासारखं सरळ जातं. गौतमपुऱ्याचा 'तुर्रा' आणि शेजारच्या रुणजीचा 'कलंगी' असे दोन गट पेटते हिंगोट एकमेकांवर सोडतात. हातात ढाल असते, तरी दरवर्षी माणसं भाजतात. कलगी-तुरा ही जोडी शाहिरीमुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. इथे ती गाण्यात नाही, आगीत उतरते. त्या संध्याकाळी नातवंडं मैदानाकडे निघालेली असताना आजी 'इडा पिडा टळो' म्हणते, तेव्हा ती रीत पाळत नसते. तिला खरोखर भीती वाटत असते. भाषांतरात हा निरोप कोणत्या गावातून, कोणत्या संध्याकाळी आला ते वरच्या ओळीत लिहिलं, की आजीचा जीव थाऱ्यावर का नाही ते नातीला आपोआप कळतं.

आता म्हणींकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त नासधूस तिथे होते. म्हण आली की मुलगा तिच्या जागी हिंदी म्हण शोधतो, मग हिंदीच्या जागी इंग्रजी. 'दुरून डोंगर साजरे' याचं हिंदीत 'दूर के ढोल सुहावने' होतं, आणि ढोलाचं इंग्रजीत 'द ग्रास इज ग्रीनर ऑन द अदर साइड'. डोंगराचा ढोल झाला आणि ढोलाचं गवत. तिन्ही म्हणी शेजारच्या आहेत, पण एक नाहीत. गवताची इंग्रजी म्हण दुसऱ्याचं आपल्यापेक्षा बरं वाटणाऱ्या हावरट मनाला टोमणा मारते. आजीला नातीच्या मनाबद्दल तक्रार नाही. ती सांगते आहे की लांबून दगडधोंडे आणि काटे दिसत नाहीत, चढायला लागलं की कळतात, आणि हे अमेरिकेलाही लागू आहे आणि गौतमपुऱ्यालाही. इथे चित्र जसंच्या तसं ठेवावं, कारण डोंगर जगात सगळीकडे आहेत आणि मुलाला तो समजावून सांगावा लागत नाही: 'हिल्स लुक लव्हली फ्रॉम फार अवे. यू मीट द स्टोन्स व्हेन यू क्लाइम्ब.'

'घरोघरी मातीच्या चुली' ही अधिक नाजूक. तिच्यासाठी 'अ स्केलेटन इन एव्हरी कबर्ड' ही इंग्रजी म्हण सहज हाताशी येते. पण कपाटातला सांगाडा म्हणजे घराने लपवलेलं काळंबेरं. मातीच्या चुलीत लपवण्यासारखं काहीच नाही. ती उघड्यावर असते, धूर करते, सगळ्यांकडे सारखीच असते. आजी म्हणते, कुणाचंही घर आतून वेगळं नसतं, तेव्हा कुणाला लाजू नकोस आणि कुणाला हिणवू नकोस. सांगाडा पाठवला तर नातीला वाटेल की आजी शेजाऱ्यांबद्दल काही कुजबुजते आहे. शिवाय नातीने मातीची चूल पाहिलेली नाही. अशा वेळी आजीच्या बोलण्यातच आधार शोधावा. तिने आधीच्याच वाक्यात सोनं आणि माती समोरासमोर ठेवली आहेत. म्हणून 'एव्हरी हाउस कुक्स ऑन अ क्ले स्टोव्ह. नोबडीज किचन इज मेड ऑफ गोल्ड.' दुसरं वाक्य आपण बाहेरून घातलेलं नाही, ते तिचंच आहे, फक्त जवळ आणलं आहे.

'हात फिरे तिथे लक्ष्मी फिरे' हिचं शब्दशः भाषांतर पैशाकडे झुकतं: 'मनी गोज व्हेअर द हँड गोज.' ऐकणाऱ्याला हात खिशात गेल्यासारखा वाटतो. म्हणीतला हात झाडणारा, पुसणारा, आवरणारा, निगा राखणारा आहे. लक्ष्मीचं इंग्रजी करू नये. आदल्याच दिवशी लक्ष्मीपूजन झालेलं असतं आणि परदेशातल्या मराठी घरातल्या मुलीला तेवढं ठाऊक असतं: 'व्हेअर अ हँड कीप्स टेंडिंग, लक्ष्मी कम्स टू स्टे.'

यातून हाताशी धरण्याजोगा एक नियम निघतो. म्हणीतलं चित्र मुलाला डोळ्यांसमोर आणता येत असेल तर ते ठेवा. येत नसेल तर ठेवा आणि त्याच वाक्यात एका छोट्या तुकड्याने उजळा. तयार इंग्रजी म्हण फक्त तेव्हाच वापरा, जेव्हा तिचा सूरही तोच असेल. टोमणा मारणारी म्हण आणि धीर देणारी म्हण अर्थाने कितीही जवळ असल्या तरी एकमेकींच्या जागी चालत नाहीत. 'नाचता येईना अंगण वाकडे' ला कामगार आणि त्याच्या हत्यारांची इंग्रजी म्हण बऱ्यापैकी चालते, कारण दोन्ही चिडवतात. चुलीला सांगाडा चालत नाही.

मराठी म्हणी इंग्रजीत नेण्याचं काम नवीन नाही. मोल्सवर्थच्या 1831 च्या मराठी-इंग्रजी कोशात अनेक म्हणी शब्दांच्या पोटात सापडतात, आणि आल्फ्रेड मॅनवॅरिंग या मिशनऱ्याचा मराठी म्हणींचा इंग्रजी संग्रह 1899 साली ऑक्सफर्डहून निघाला. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' तर कुठल्याही मराठी घरात असावा. अडलं तर हे ग्रंथ जरूर उघडा. पण कोशातली म्हण कुणालाच उद्देशून नसते. आजीची म्हण एका विशिष्ट नातीसाठी, विशिष्ट काळजीतून येते, आणि ती काळजी कोशात मिळत नाही. ती आजीलाच विचारावी लागते, आणि विचारायला आजी हवी. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, तेव्हा गाणारीचं नाव आणि तिचं गाव ओवीला जोडून ठेवलं. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या त्या ठेव्यातल्या अनेक ओव्या आज इंग्रजी अनुवादासह वाचता येतात. कोण म्हणालं आणि कुठे म्हणालं, हे शब्दांइतकंच जपायचं असतं.

म्हणून घरात करायचं काम असं. आजीला 'म्हणी सांग' म्हणू नका. तसं म्हटलं की ती शाळेतल्या मुलासारखी आठवून आठवून सांगते आणि त्यात नात उरत नाही. 'तिला काय सांगायचं आहे?' एवढंच विचारा आणि बोलू द्या. पंखा बंद करा, फोन हातभर अंतरावर ठेवून बोलणं ध्वनिमुद्रित करा. मग तिचं बोलणं जसंच्या तसं लिहून काढा. तिच्या मराठीत माळवी किंवा हिंदी शब्द आला, 'करून राहिली' असा इंदुरी प्रयोग आला, तर तो सुधारू नका. ते तिचं मराठी आहे आणि छापील मराठीत ते कुठेच सापडणार नाही. दोन मिनिटांचं बोलणं लिहायला तासभर लागू शकतो, तेवढा लागू द्या.

लिहिलेल्या प्रत्येक वाक्याखाली दोन ओळी सोडा. पहिलीत शब्दाला शब्द अर्थ लिहा, कितीही वेडावाकडा दिसला तरी. दुसरीत नातीने वाचायचं इंग्रजी. मधली वेडीवाकडी ओळ फार उपयोगाची आहे, कारण तिथे 'संसार'खाली 'जग' लिहिलं गेलं तर चूक लगेच दिसते. थेट शेवटची ओळ लिहिणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. मग ते इंग्रजी तोंडी मराठीत परत आजीला ऐकवा. 'तू तिला असं म्हणालीस, बरोबर?' ती मान डोलावेल किंवा 'छे गं, तसं नव्हे' म्हणेल, आणि त्या 'तसं नव्हे'च्या पुढे ती जे सांगते ते टिपून घ्या. शेवटची परीक्षा नातीची. तिला वाचायला देऊन एकच विचारा: आजीने तुझ्यासाठी काय मागितलं? तिने 'माझं घर सुखाचं असावं' म्हटलं तर भाषांतर उतरलं. 'मी पैसे मिळवावेत' म्हटलं तर लक्ष्मीच्या ओळीवर परत बसावं लागेल.

एक ठिकाण असं येईल जिथे हात थांबेल. आजी 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' म्हणेल. परदेशात वाढलेल्या मुलीला आठ मुलगे होवोत हे वाचून राग येईल, आणि तो रास्त आहे. म्हणून पुष्कळ घरं ती ओळ गाळून टाकतात. गाळू नका आणि शब्दशःही पाठवू नका. आजीला विचारा, तुला काय म्हणायचं आहे? बहुतेक आज्या सांगतील की भरल्या घरात राहा, एकटी पडू नकोस. ते मुख्य ओळीत लिहा आणि मूळ शब्द ध्वनिमुद्रणात राहू द्या. मोठी झाल्यावर नात तो शब्द ऐकेल आणि त्याच्याशी काय करायचं ते स्वतः ठरवेल. तिच्या वतीने आपण ठरवू नये. पण आजीने ठामपणे सांगितलं की मला मुलगेच म्हणायचे आहेत, तर तेच लिहावं लागेल. आजीला गोड करून दाखवणं हे भाषांतर नव्हे.

हे सगळं फोनमधल्या गप्पांत ठेवून विसरू नका. फोन बदलला, गप्पा पुसल्या, की आवाज जातो. फाइल बाहेर काढून दोन ठिकाणी ठेवा आणि नावात वर्ष, गाव, कुणी आणि कुणासाठी एवढं लिहा.

इंदूरच्या मराठी संस्थांनाही एक मागणं आहे. या शहराने 1917, 1935 आणि 2001 असं तीनदा मराठी साहित्य संमेलन भरवलं. मोठे मांडव घालायची सवय असलेल्या या गावाने दिवाळीच्या आठवड्यात एक लहान बैठक घालावी: ज्यांना मराठी लिहिता येतं आणि ज्यांना इंग्रजी नीट येतं अशी चार माणसं एका टेबलाशी, आणि गौतमपुरा, देपालपूर, महू इथून आलेल्या घरांनी आपापला निरोप तिथे उतरवून घ्यावा. परदेशातल्या मराठी शाळांनी तोच निरोप मुलांना धडा म्हणून द्यावा. पुस्तकातल्या परक्या आजीपेक्षा स्वतःच्या आजीचं वाक्य मूल नेटाने वाचतं.

ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याने विद्यापीठांतलं काम वाढेल, पण गौतमपुऱ्यातल्या ओसरीवर बसलेल्या आजीचं वाक्य कुठलीही सरकारी योजना लिहून घेणार नाही. ते काम मुलाचं आहे, सुनेचं आहे, आणि जमलं तर नातीचंही आहे. यंदा पाडव्याला आजीने फोन हातात घेतला की 'दादी सेंड्स ब्लेसिंग्ज' लिहून मोकळे होऊ नका. वही घ्या, तिच्या शेजारी बसा आणि तिचं पहिलं वाक्य तिच्याच मराठीत लिहा.